वऱ्हाड दारात आलंय, आता काय करायचं?

लग्नाचं बाकी सगळं वर्षभर आधी ठरतं, हॉल, जेवण, साड्या, पत्रिका, आणि दारात वऱ्हाडाला कोण सामोरं जायचं हे मात्र वऱ्हाडाची बस गेटात शिरल्यावर ठरतं. मग आतनं कुणीतरी ओरडतंय "अगं आरतीचं ताट कुठाय", कुणाची साडी अजून नेसायची आहे, आणि पावणं उन्हात उभे. आमच्या खानापूर भागात मी आजपर्यंत घरातल्या आणि भावकीतल्या मिळून बऱ्याच लग्नांना मुलीकडून दारात उभी राहिलेय, त्यातून जे कळलंय ते सांगते. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी असते, तुमच्या घरात थोरल्या माणसानं जे सांगितलं ते आधी.

पहिलं काम आदल्या दिवशी, आणि ते फोनवरचं आहे. मुलाकडच्या एका जबाबदार माणसाला (मुलाच्या काकाला नाहीतर थोरल्या भावजीला, नवऱ्यामुलाला नको, त्याला काहीच माहीत नसतं) तीन गोष्टी विचारायच्या. निघणार किती वाजता आणि किती गाड्या. मानाची माणसं कोण, नातं काय आणि त्यांना हाक काय मारायची. आणि तुमच्यात दारात काय काय करतात, पाय धुतात का, भाकरतुकडा ओवाळतात का. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग दारात मुलाची आत्या म्हणते "आमच्यात असं नसतंय", झालं, तिथंच तोंडं वाकडी.

आता वेळेचं बघा. आमच्याकडं मुहूर्त म्हणत नाहीत, अक्षता म्हणतात. समजा अक्षता 12:35 ला आहेत. त्याआधी देवकार्य, कपडे बदलणं, फेटे बांधणं याला सव्वा तास धरा, नाष्ट्याला पाऊण तास. म्हणजे वऱ्हाड साडेदहाला दारात पाहिजे, आणि तुम्ही सव्वादहाला तयार होऊन उभं पाहिजे. त्यांनी "निपाणी सोडली" म्हणून फोन केला की साड्या नेसायला लागा, "गेटात आलो" म्हटल्यावर नाही.

मागच्या वर्षी माझ्या पुतणीचं लग्न झालं, मुलगा अथणीकडचा. घरात मराठीच बोलतात पण मुलाच्या आईचं माहेर कन्नड, त्यामुळं दोन बसमधली एक बस अख्खी कन्नड बोलणाऱ्या पावण्यांची. पहाटे निघालेली माणसं, साडेतीन-चार तास बसमध्ये, लहान पोरं, म्हाताऱ्या बायका. आमच्या दाजींचा हट्ट की सगळ्यांना एकदम बॅंडसकट दारात आणायचं आणि थाटात ओवाळून आत घ्यायचं. मी म्हटलं दाजी, चार तास बसलेल्या बाईला थाट नको असतो, तिला बाथरूम पाहिजे असतंय. शेवटी असं केलं: बस थेट हॉलच्या बाजूच्या दाराला लावली, तिथं माझ्या दोन भाच्या उभ्या केल्या, हातात काही नाही, फक्त तोंडात एवढंच, "या की मावशी, दमलासा न्हवं? हिकडं बाथरूम आहे, बॅग हितं ठेवा, साडी बदलायची खोली वर आहे." बायका-पोरं अर्ध्या तासात फ्रेश होऊन परत दारात आली आणि मगच वाजतगाजत स्वागत सुरू केलं. तोवर नवरामुलगा, त्याचे आईवडील आणि चारपाच मानकरी मारुतीच्या देवळात थांबले. तसंही नवरदेव आधी मारुतीलाच जातो, तो वेळ वापरायचा.

ज्या लग्नात हे केलं नाही तिथं काय होतं हेही बघितलंय. एका हॉलला मुख्य दार एकच, ओवाळणी अर्धा तास चालली, मागं वरमाय उभी, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचा अर्थ आम्हाला जेवणाच्या वेळी कळला, तोपर्यंत ती रुसून बसलेली. वरमाय पाठीमागं अडकली तर ओवाळणी थांबवा आणि तिला पुढं घ्या, बॅंडवाल्याची पर्वा करू नका.

दारात कोण कुठं उभं राहायचं ते आधी सांगून ठेवायचं. मधोमध ताट घेऊन मुलीची आई आणि तिच्या शेजारी काकू नाहीतर मावशी. एका बाजूला कुंकू-अक्षता आणि अत्तर घेऊन करवलीच्या वयाच्या पोरी. दुसऱ्या बाजूला मुलीचे वडील, मामा, काका, हातात टॉवेल-टोपी नाहीतर फेटे आणि हार. आणि एक माणूस, हा महत्त्वाचा, जो काहीच धरत नाही, फक्त मुलाकडच्यांना तोंडओळखीनं जाणतो आणि कानात सांगतो, "हे मुलाचे थोरले मामा." साखरपुड्याला गेलेला भाऊ याला उत्तम. त्याच्या खिशात मानकऱ्यांची यादी, आणि टोप्या यादीपेक्षा चार जास्त, कारण आयत्या वेळी एक चुलतमामा निघतोच.

ताटात: निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, आणि बाजूला पाण्याचा तांब्या आणि भाकरीचे दोन तुकडे. आमच्या भागात शिवाय लाल पाण्याची आरती करतात. ते पाणी कुंकवाचं नसतं, हळद आणि चुन्याचं असतं. एका ताटलीत दोन वाट्या पाणी घ्यायचं, अर्धा चमचा हळद घालायची, मग पानाला लावायचा चुना हरभऱ्याएवढा बोटानं त्यात मोडायचा. पिवळं पाणी बोटाखालीच लालभडक होत जातं, पोरं बघायला जमतात. ते वऱ्हाड गेटात आल्यावरच करायचं, आधी करून ठेवलं तर हळद खाली बसते आणि रंग मळकट दिसतो. ताटली अर्धीच भरा, आणि पांढऱ्या शेरवानीपासून हातभर लांब धरा, डाग पडला की निघता निघत नाही.

निरांजनाचं एक. दारात वारं असतंय, वर हॉलवाल्यांचा मोठा फॅन असतोय, आणि फुलवात तिसऱ्या फेऱ्याला विझते. ती विझली की बायकांचे चेहरे पडतात, कुणी काही बोलत नाही पण पुढं दहा वर्षं आठवण काढतात. म्हणून जाड वात, भरपूर तेल, फॅन बंद, आणि शेजारणीकडं पेटतं दुसरं निरांजन. ते दारात थंड ठिणग्यांचे पाइप लावतात आजकाल, माझं स्पष्ट मत, फेट्याचं शेपूट आणि नायलॉनचे पदर असतात तिथं ते नको.

बॅंड दारापासून दहा-बारा पावलं अलीकडं थांबवायचा. मामानं हात वर केला की वाजवणं बंद, हे बॅंडवाल्याला आधीच सांगायचं, नाहीतर तुम्ही "या" म्हणता ते कुणालाच ऐकू जात नाही आणि तुम्ही नुसतं तोंड हलवताय असं दिसतं.

मग क्रम असा. भाकरीचा तुकडा नवरदेवावरून तीनदा ओवाळून दोन्ही बाजूंना टाकायचा, मग तांब्यातलं पाणी ओवाळून बाजूला ओतायचं आणि ओला हात त्याच्या डोळ्यांना हलकाच लावायचा. पाय धुवायचे ठरले असतील तर आत्ता, पायावर पाणी घालायचं आणि नव्या नॅपकिननं पुसायचे, मोजा-बूट आधी काढायला सांगा, मी एकदा बुटावर पाणी घातलेलं बघितलंय. मग कुंकू, अक्षता, निरांजन, शेवटी लाल पाणी, ते ओवाळून दाराबाहेर एका कडेला ओतायचं, उंबऱ्यात नाही, तिथं लोक घसरतात. हे सगळं पाच मिनिटांच्या वर नेऊ नका. मुलीची आई म्हणते "या जावईबापू, उजवा पाय आत टाका", आणि मुलीचा भाऊ हाताला धरून आत नेतो.

आमच्या घरात ओवाळायला थोरली आत्या होती, जिला मालक नाहीत. दोघीतिघी कुजबुजल्या. पुतणीनंच आधी सांगितलेलं, "मला आत्याच पाहिजे." आत्याचा हात थोडा कापत होता, पण मुलाच्या आईनं तिला बघून आधी वाकून नमस्कार केला, त्यामुळं पुढं कुणी काही बोललं नाही.

नवरदेव आत गेला की लगेच व्याहीभेट. मुलीचे वडील दोन पावलं पुढं जातात, तिथंच उभं राहून त्यांना बोलावत नाहीत, ही खूण सगळे बघतात. आधी दोन्ही हात जोडायचे, मग गंध लावायचं, टोपी घालायची, हार, आणि मग गळाभेट. हार आधी घातला तर भेटताना दोघांच्या मध्ये चुरगाळतो पण आमच्याकडं तसंच चालतं. वडील-वडील, मामा-मामा, काका-काका, अशा पाच जोड्या पुरे. जोडीदार कमी पडला तर मुलीचा भाऊ उभा करा, पण मुलाकडचा कुणी एकटा उभा राहता कामा नये.

बायकांची भेट वेगळी. विहिणीला विहिणीनं हळदी-कुंकू लावायचं, दोन्ही हात धरायचे आणि सोडायचे नाहीत, तसंच हात धरून खुर्चीपर्यंत न्यायचं. बोलायला लांबलचक काही लागत नाही, "या विहीणबाई, आलासा? प्रवास बरा झाला न्हवं? चला, आधी चहा घ्या." घरचं काही कमी पडलं तर सांभाळून घ्या वगैरे दारात म्हणू नका, अजून काही कमी पडलेलं नसतं.

कन्नड पावण्यांना त्यांच्याच भाषेत दोन शब्द. "बर्री, बर्री, वळग बर्री" म्हणजे या, आत या. "आरामदीरी?" म्हणजे बरे आहात ना. "कुंद्री" म्हणजे बसा. यातला शेवटचा "री" गिळायचा नाही, आमच्या पोरांनी उत्साहात म्हाताऱ्या आजोबांना "बा, बा" केलं, आणि ते म्हणजे "ये, ये" झालं. आजोबा हसले, "बर्री अनबेकु" म्हणाले, म्हणजे बर्री म्हणावं. बायकांना "बर्री अक्कार" म्हटलं की काम झालं, पुढचं मोडकंतोडकं चालतंय.

आत गेल्या गेल्या उप्पीट-शिरा आणि चहा ताटात पाहिजे, रांगेत उभं करू नका, मानकऱ्यांना बसल्या जागी आणून द्या.

आणि ताट लगेच आत नेऊ नका. आमच्या वेळी शेवटची गाडी अकरा-वीसला आली, मुलाच्या मामीची, टायर पंक्चर झालेला. दारात फक्त एक भाची होती, पण निरांजन पेटतं होतं आणि कुंकू होतं.