स्तंभ, ठिपके की रेषा? आधी आडवा अक्ष बघा

प्रयोगाची आकडेवारी हाती आली की आलेख कोणता काढायचा, इथे गाडी अडते. आडव्या अक्षावर काय येणार ते बघा, उत्तर तिथेच आहे.

रावेरकडच्या केळीचं उदाहरण घेऊ.

1. अक्षावर नावं असतील (ग्रँड नैन, श्रीमंती, बसराई) आणि प्रत्येकाच्या घडाचं सरासरी वजन दाखवायचं असेल, तर स्तंभालेख. उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा, नाहीतर किलोभराचा फरक दुप्पट भासतो.

2. प्रत्येक झाडाची दोन मापं असतील, खोडाचा घेर आणि घडाचं वजन, तर एका झाडाला एक ठिपका. ठिपके जोडू नका. शेजारची दोन झाडं ही काही एकाच झाडाची वाढ नव्हे.

3. त्याच झाडांची उंची ठरावीक दिवसांनी मोजली असेल, तर रेषालेख.

खरी गोम तिसऱ्यात आहे. मोजणी 30, 60, 90 आणि थेट 150व्या दिवशी झाली, तर एक्सेलचा Line आलेख हे आकडे बहुधा नुसती लेबलं समजून सारख्या अंतरावर मांडतो. शेवटच्या 60 दिवसांची वाढ 30 दिवसांच्या जागेत कोंबली जाते आणि चढ दुप्पट दिसतो. त्याऐवजी `Scatter with Straight Lines and Markers` निवडा. अक्षावर 90 ते 150 हे अंतर 60 ते 90च्या दुप्पट दिसलं, की काम झालं.