सेंट किती मारायचा? खोली, लिफ्ट आणि गर्दीच्या गाडीत या चुका टाळा

"मावशी, बाटली डुप्लिकेट लागली बघ. अर्ध्या तासात वास उडतोय."

जूनमध्ये भाचा ही तक्रार घेऊन आला. तो नागाळा पार्कात पाचव्या मजल्यावर राहतो, सकाळच्या गाडीनं कोल्हापूरहून मिरजेला जातो आणि दिवसभर एसी ऑफिसात बसतो. सेंट होता व्हॅनिला आणि अंबरच्या गोड, जड घाटणीचा ईडीपी, म्हणजे ओ द पार्फ्यूम. सकाळी सात स्प्रे मारायचा: मानेवर दोन, छातीवर दोन, मनगटांवर दोन आणि शर्टावर एक. दुपारी जेवण झालं की आणखी दोन. बोलता बोलता त्यानं असंही सांगितलं की, शेजारी बसणाऱ्या बाईंनी डोकं दुखतं म्हणून ऑफिसात जागा बदलून घेतली.

मी विचारलं, "वास अर्ध्या तासात उडतोय, तर त्यांचं डोकं कशानं दुखतंय?" तो गप्प झाला. बाटली अस्सल होती. चूक मोजण्यात होती, आणि ती बहुतेकांची होते.

चूक पहिली: तीन वेगळ्या गोष्टी एकच समजणं

दुकानात आपण एकच प्रश्न विचारतो, "किती टिकतो?" पण टिकणं वेगळं, पसरणं वेगळं आणि मागं रेंगाळणं वेगळं.

तुम्ही एका जागी उभे आहात आणि वास तुमच्याभोवती किती फुटांपर्यंत जाणवतो, याला प्रोजेक्शन म्हणतात. तुम्ही तिथून निघून गेल्यावर हवेत जी वासाची वाट उरते, ती सियाज. हा फ्रेंच शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ पाण्यात नावेमागं उमटणारी रेघ. रंकाळ्यात बोट पुढं गेली तरी तिच्यामागची पाण्याची लाट काही वेळ दिसत राहते, ती डोळ्यांसमोर आणा. टिकणं म्हणजे कातडीला नाक लावल्यावर वास किती तास मिळतो ते.

या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या मागं धावतातच असं नाही. लिंबू-संत्र्याच्या घाटणीचा सेंट पहिली वीस मिनिटं चार-पाच फूट पसरतो आणि दोन तासांत संपतो. चंदनाच्या तेलातलं अत्तर दिवसभर टिकतं, पण वीतभर अंतरापलीकडं क्वचित जातं. त्यात अल्कोहोल नसतं, आणि वास हवेत पटकन उडवून नेण्याचं काम अल्कोहोलच करतं. लग्नात आलेल्यांच्या हाताच्या पाठीवर अत्तराचं एक बोट फिरवायची आपली पद्धत भरगच्च मांडवात इतकी चांगली चालते, ती याचमुळं.

बाटलीवरच्या शब्दांवरून इथंच घोळ होतो. ईडीटी म्हणजे ओ द ट्वालेट, त्यापेक्षा ईडीपीत आणि त्याहून एक्स्ट्रेमध्ये सुगंधी तेलाचं प्रमाण जास्त असतं. म्हणून लोक धरून चालतात की, एक्स्ट्रे सगळ्यांत लांब पसरणार. बरेचदा उलटं घडतं. ईडीटीत अल्कोहोल आणि हलके, उडणारे घटक जास्त असल्यानं सुरुवातीला तोच जोरात फेकला जातो, तर एक्स्ट्रे अंगालगत राहून हळूहळू उलगडतो. त्यामुळं स्प्रे किती मारायचे हे लेबलवरून ठरवू नका, सेंट कुठल्या घाटणीचा आहे ते बघा. गोड व्हॅनिला, ऊद आणि अलीकडच्या अनेक पुरुषी सेंटमध्ये असणारं अँब्रॉक्सान नावाचं कृत्रिम सुगंधी रसायन हे सियाज फार लांब सोडणारे घटक आहेत. तिथं हात आखडता घ्या.

चूक दुसरी: स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवणं

भाच्याचं सगळं दुखणं इथं होतं. सतत एकच वास येत राहिला की, नाक आणि मेंदू त्याची दखल घेणं कमी करतात. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला दारातच येतो, तसंच. आणि सेंट मानेवर मारला की, तो नाकाच्या अगदी खाली दिवसभर तळ ठोकतो, म्हणजे नाक आणखी लवकर थकतं. कस्तुरीच्या वासाचे काही कृत्रिम रेणू तर असे आहेत की, काही माणसांना ते जवळजवळ येतच नाहीत, आणि शेजारच्याला मात्र भरपूर येतात.

आम्ही एका रविवारी घरीच चाचणी घेतली. कोणालाही करता येईल अशी आहे. त्यानं आंघोळीनंतर तीनच स्प्रे मारले. दहा मिनिटांनी मी समोर उभी राहून एकेक पाऊल मागं सरकत गेले, आणि वास कुठं थांबतो ते पाहिलं. सहा फुटांवर तो स्पष्ट होता. मधल्या काळात मी बाहेर अंगणात जाऊन बसले, नाहीतर माझंही नाक सरावलं असतं. तासाभरानं वास तीन-साडेतीन फुटांवर आला. चार तासांनी हातभर अंतरावर होता. भाच्याला स्वतःला पंचविसाव्या मिनिटानंतर काहीच येत नव्हतं. म्हणजे दुपारी जे दोन स्प्रे तो "उडाला" म्हणून मारत होता, ते अजून जिवंत असलेल्या थरावर नवा थर चढवत होते.

ही चाचणी करताना दोन गोष्टी सांभाळा. वास घेणारा माणूस दुसरा हवा, आणि तुम्ही बाटली हातात घेतलीत तेव्हा तो त्या खोलीत नसावा. घरी कुणी नसेल, तर आदल्या दिवशी घातलेला शर्ट बंद खोलीत टांगून ठेवा, अर्धा तास बाहेर फिरून या, आणि दार उघडताच पहिल्या श्वासाला काय येतं ते बघा. दुसऱ्या श्वासाचा निकाल धरू नका.

चूक तिसरी: दिवसातल्या मोठ्या जागेचा हिशेब धरणं

बहुतेक जण आपल्या खोलीत आरशासमोर उभे राहून अंदाज बांधतात. पण सेंट दिवसभर आपल्याबरोबर फिरतो. म्हणून माझा हिशेब असा आहे: आज मी ज्या सर्वांत लहान बंद जागेत जाणार आहे, तिथं जेवढे शोभतील तेवढेच स्प्रे सकाळी मारायचे.

आकडे मांडून पाहू. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे 1200 घनफूट हवा. सहा माणसांची लिफ्ट साधारण साडेतीन बाय साडेतीन फूट आणि सात फूट उंच, म्हणजे 85 घनफुटांच्या आसपास. तोच माणूस, तोच सेंट, पण हवा चौदा पटींनी कमी. प्रवास मिनिटाच्या आतला असल्यानं लिफ्ट वासानं पूर्ण भरत नाही हे खरं, पण दुसऱ्याचं नाक तुमच्या खांद्यापासून फूटभरावर असतं. शिवाय तुम्ही उतरल्यावर सियाज आत कोंडून राहतो आणि पुढच्या मजल्यावर चढणाऱ्याला मिळतो.

मध्यम ताकदीचा ईडीपी धरून मी असे स्प्रे वापरते. पंखा चालू आणि खिडकी उघडी असलेल्या खोलीत तीन. दारं बंद ठेवलेल्या एसी ऑफिसात दोन, कारण तिथं तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. रोज लिफ्ट वापरत असाल, तर दोन, आणि तेही घराबाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी. रंकाळ्यावरची संध्याकाळ किंवा लॉनवरचं लग्न असेल, तर चार-पाचही चालतात, वारा त्यांची वाट लावतो. सेंट जड घाटणीचा असेल, तर या प्रत्येक ठिकाणी एक कमी करा, आणि हलका कोलन असेल, तर एक वाढवा. शंभर मिलीच्या बाटलीत साधारण हजार स्प्रे निघतात, म्हणजे एक स्प्रे 0.1 मिलीच्या आसपास. पण प्रत्येक बाटलीचा पंप वेगळा असतो. काही पंप एका दाबात भिजवून टाकतात, त्यांचे दोन म्हणजे दुसऱ्याचे तीन समजा.

अर्धा तास आधी का? पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत अल्कोहोल आणि सगळ्यांत उडणारे घटक हवेत जातात, आणि प्रोजेक्शन तेव्हाच टोकाला असतं. लोक नेमके चपला घालताना बाटली उचलतात आणि तो सगळा भडका लिफ्टमध्ये नेतात.

गाडीतली गर्दी

मिरजेच्या सकाळच्या पॅसेंजरचा प्रवास तासभराचा, आणि उभं राहायला मिळालं तरी नशीब. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, त्यामुळं हवा खेळती राहते, पण अंग तापलेलं असतं आणि गरम कातडीवरून सेंट जोरात उडतो. खरी पंचाईत जुलै-ऑगस्टमध्ये. पावसाचे सपकारे आत येतात म्हणून सगळे शटर खाली ओढतात, ओले रेनकोट आणि छत्र्यांची दमट हवा डब्यात कोंडते, आणि अशा उबदार दमट हवेत वास अधिकच जड वाटतो. त्या डब्यात एखाद्याला दमा किंवा अर्धशिशी असेल, तर त्याला उठून दुसरीकडं जायलाही जागा नसते. म्हणून सेंट जड असो वा हलका, अशा गाडीसाठी माझा आकडा एक आहे, आणि तो छातीवर, बनियनच्या आत. कापड वासाला गाळणीसारखं अडवतं आणि थोडा थोडा बाहेर सोडतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या एसी डब्यात रात्रभर झोपायचं असेल, तर तेवढाही मारत नाही. पडद्यापलीकडं झोपलेल्या माणसानं आपला सेंट निवडलेला नसतो.

भाच्याचा दिवस लिफ्ट, गाडी आणि एसी ऑफिस असा तिहेरी. सेंटही जड. त्यामुळं त्याला एकच स्प्रे ठरवून दिला: आंघोळीनंतर अंग कोरडं झाल्यावर छातीवर, मग बनियन, मग नाश्ता, आणि तासाभरानं लिफ्ट. मान मोकळी, मनगटं मोकळी. बाटली ऑफिसच्या बॅगेतून बाहेर. पहिल्या आठवड्यात त्याला वाटायचं की, काहीच मारलेलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्याची आई दारातच म्हणाली, "आज वास बरा येतोय रे."

जास्त झालाच तर

पाण्यानं धुऊन फारसं जात नाही, कारण सुगंधी तेलं पाण्यात विरघळत नाहीत. वास नसलेलं सॅनिटायझर कापसावर घेऊन ती जागा दोनदा पुसा, मग साबणानं धुवा. अल्कोहोल तेल उचलून आणतं. दुसरा सेंट मारून पहिला झाकायचा प्रयत्न करू नका, दोन्ही वास एकत्र येऊन लांबवर जातात. कपड्यावर, विशेषतः लोकरीच्या जाकिटावर पडला असेल, तर पुसून उपयोग नाही. शर्ट बदला आणि जाकीट वाऱ्यावर टांगून ठेवा. आणि स्टेशनावर पोचल्यावर लक्षात आलं, तर गाडी येईपर्यंत प्लॅटफॉर्मच्या टोकाला, वाऱ्याकडं तोंड करून, वरची दोन बटणं उघडी ठेवून उभे राहा. दहा मिनिटांत निम्मा भडका उतरतो.