वाद्यं देणाऱ्या घराला आभारपत्र लिहिताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या आमच्या चर्चमध्ये वाद्यं बहुतेक वेळा एखाद्या घरातून येतात. वडील गेले, पेटी वाजवणारं कुणी उरलं नाही, मग घरचे ती मंडळीला देतात. आभारपत्र लिहायचं काम क्वायरच्या पुढाऱ्याकडे येतं आणि बहुतेक पुढारी ते त्याच रात्री उरकतात. त्या घाईतूनच पुढची भांडणं उभी राहतात.

सगळ्यांत महागात पडणारा शब्द म्हणजे "सदैव". जालना जिल्ह्यातल्या एका मंडळीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. एका कुटुंबाने वडिलांची पेटी, तबला-डग्गा आणि ढोलकी दिली. तिथल्या तरुण पुढाऱ्याने मोठ्या मनाने लिहिलं, "ही वाद्ये सदैव आपल्या वडिलांच्या नावाने याच वेदीजवळ वाजतील." कमिटीला त्याने पत्र दाखवलंच नाही. पुढे कीबोर्ड आला, पेटी कोपऱ्यात पडून राहू लागली. शेजारच्या गावच्या लहान मंडळीकडे पेटी नव्हती, म्हणून कमिटीने ती तिकडे पाठवली. निर्णय चांगलाच होता. पण नाताळला थोरला मुलगा पुण्याहून आला, पेटी दिसली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो ते पत्र घेऊन पाळकसाहेबांच्या दारात उभा राहिला. त्याची आई तर उपासनेला यायचीच बंद झाली. शेवटी सेक्रेटरी त्यांना घेऊन त्या गावी गेले, पेटी तिथे रोज वाजते हे आईने स्वतः ऐकलं, तेव्हा कुठे राग निवळला.

म्हणून मी सांगतो: वाद्य एकदा दिलं की ते मंडळीचं होतं आणि त्याचं पुढे काय करायचं ते कमिटी ठरवते. पुढाऱ्याने शब्द द्यायचा तो फक्त आपल्या हातातल्या गोष्टींचा. वाद्य कोण सांभाळणार, कुठे ठेवणार, कुठल्या उपासनेला वाजवणार, एवढंच. नावाची पाटी लावायची असेल तर आधी कमिटीत ठराव, मग पत्रात उल्लेख.

दुसरी चूक मला मनापासून खटकते. मोबाइलवर सापडलेला तयार मजकूर: "आपण दिलेल्या अमूल्य संगीत साहित्याबद्दल मनःपूर्वक आभार." त्यात पेटी आहे की टाळ, काहीच कळत नाही. ज्या घरात ती पेटी रोज संध्याकाळी वाजत होती, त्यांना असं पत्र म्हणजे ऑफिसातली पोच वाटते. माझी सवय अशी की वाद्य आलं की आधी ते वाजवून बघायचं, एका उपासनेला वापरायचं आणि त्याच आठवड्यात पत्र लिहायचं. भात्यातून हवा गळते का, कुठली पट्टी अडकते का, तबला कुठल्या सुराला लागतो, हे वाजवल्याशिवाय समजत नाही. आमच्याकडे एप्रिलच्या कोरड्या उन्हात पुडी ताणते आणि सूर चढतो, पावसाळ्यात ती सैल पडते. त्यामुळे पहिल्याच दिवशी तबला बेसूर लागला म्हणून तो खराब ठरवू नये.

दुरुस्ती करावी लागली तर ती लपवू नका, पण खर्चाचा आकडाही पत्रात घालू नका. मी साधारण असं लिहितो:

"मावशी आणि घरातील सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. बाबांची पेटी, तबला-डग्गा आणि ढोलकी आम्हाला मिळाली. पेटीच्या भात्यातून थोडी हवा जात होती, ती जागा चिकटवून घेतली. सूर बाबांनी ठेवले तसेच आहेत. या रविवारी अर्पणाच्या भजनाला हीच पेटी वाजली आणि मागच्या बाकांवरची मंडळीही आमच्याबरोबर गायली. पेटी क्वायरच्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवतो. तुम्ही रविवारी या, बाबांच्या आवडीचं भजन सांगा, आम्ही बसवू."

यात पेटीला नेमकं काय झालं होतं तेही कळतं आणि दोषाचा ठपकाही कुणावर येत नाही.

पत्रात वाद्यांची किंमत लिहू नका. आयकरात सवलत मिळेल असंही लिहू नका. देणगीवरची ती सवलत पैशाच्या देणगीला असते, वस्तूला नाही. पोच देणं खजिनदाराचं काम, ती वेगळ्या कागदावर.

पत्र एकट्या थोरल्या मुलाच्या नावाने कधीच पाठवू नका. पेटी बहुधा आईच्या होकाराने आलेली असते, तिचं नाव आधी.

व्हॉट्सॲपवर फोटो जरूर पाठवा, पण पत्र हाताने लिहून घरी नेऊन द्या. पत्राची एक प्रत सेक्रेटरीकडे ठेवा आणि वाद्यांची नोंद त्याच आठवड्यात मंडळीच्या सामानाच्या रजिस्टरमध्ये करून घ्या. पुढारी बदलला की "पेटी कुणाची" हा प्रश्न निघतोच, तेव्हा हीच नोंद दाखवावी लागते.