चाकावरून काहिलीवर: एका मॅच कटची दुरुस्ती

खानापूरच्या कुंभाराचे फिरते चाक आणि निपाणीकडच्या गुऱ्हाळातील काहील, ही दोन एआय दृश्ये मला मॅच कटने, म्हणजे एका दृश्यातील आकारावरून दुसऱ्यातील तशाच आकारावर थेट जाऊन, एकाच वर्तुळाने जोडायची होती. पहिल्या प्रॉम्प्टांत मी चाक, माती, रस, वाफ असे सारे लिहिले, पण वर्तुळ चौकटीत कुठे आणि किती मोठे असावे, हे लिहिले नाही. त्यामुळे चाक तिरकस कोनातून आले, काहील वरून दिसली आणि कट झाला की नजर उडी मारू लागली.

मग दोन्ही प्रॉम्प्टांच्या आरंभी मी एकच वाक्य शब्दशः ठेवले: "कॅमेरा स्थिर, सरळ वरून, मध्यभागी एक वर्तुळ, उंची चौकटीच्या दोन तृतीयांश, आतील तपकिरी पदार्थ घड्याळाच्या दिशेने फिरतो." वस्तूंचे वर्णन त्यानंतर दिले.

आकार आणि रंग जुळले, तरी रस मात्र उलटाच फिरत राहिला. फिरण्याची दिशा केवळ शब्दांनी हमखास पाळली जात नाही. चार वेळा नव्याने क्लिप काढल्यावर मी ती संपादनात आडवी उलटवली आणि दिशा जुळली. चौकटीत पाटी असती, तर अक्षरेही उलटली असती, आणि सीमाभागात मराठी-कन्नड पाट्या सहज येतात, म्हणून हे आधी तपासावे.

शेवटी दुसरी क्लिप पन्नास टक्के पारदर्शक करून पहिलीवर ठेवली, तेव्हा काहिलीची कड किंचित आत दिसली. ती थोडी मोठी केली आणि चाक थांबण्यापूर्वीच, वेग कायम असताना कट घेतला.