अरबी क्रियापदाचं ‘मजहूल’ रूप: स्वर बदलून कसं करावं आणि जेर-जबर नसलेल्या मजकुरात कसं ओळखावं

मराठीत ‘लिहिलं’चं ‘लिहिलं गेलं’ करायला आपण ‘जाणे’ची मदत घेतो. अरबीत असं सहायक क्रियापद लागत नाही. व्यंजनं जागच्या जागी राहतात, आतले स्वर तेवढे बदलतात आणि काम होतं. पण पुस्तकं, वर्तमानपत्रं, पाट्या यांत हे ऱ्हस्व स्वर लिहिलेलेच नसतात. म्हणून रूप करायला थोड्या वेळात जमतं, छापील मजकुरात ते ओळखायला मात्र सराव लागतो. या लेखात आधी रूप करून पाहू आणि मग ओळखण्याकडे वळू.

लेखनाचा संकेत आधी ठरवून घेऊ. खाली अरबी शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यांत अक्षरातला ‘अ’ शब्दाच्या शेवटीही पूर्ण उच्चारायचा. ‘कतब’ म्हणजे क-त-ब, तिन्ही अक्षरं स्वरासकट. शेवटी स्वर नसेल तिथे क्रियापदाला पाय मोडला आहे. ‘क-त-ब’ असं तुटक लिहिलं असेल तिथे पानावर फक्त तेवढी अक्षरं दिसतात असं समजावं. जबर म्हणजे अ, जेर म्हणजे इ आणि पेश म्हणजे उ. अरबीत यांनाच फतहा, कसरा, दम्मा म्हणतात.

रूप करणे

भूतकाळासाठी क्रियापदाच्या शेवटच्या मूळ अक्षराकडून मागे यायचं. शेवटच्या अक्षराला हात लावायचा नाही. त्याच्या आधीच्या अक्षराला जेर द्यायची. त्याच्याही आधी जिथे जिथे स्वर असेल तिथे पेश द्यायची. ‘कतब’ (त्याने लिहिलं) याचं ‘कुतिब’ (लिहिलं गेलं) होतं. लांब क्रियापदांनाही हाच नियम आहे: ‘इस्तख़्दम’ (त्याने वापरलं) याचं ‘उस्तुख़्दिम’. इथे स् आणि ख़् यांना मुळात स्वर नव्हता, म्हणून त्यांना काही द्यायचं नाही. नवशिके नेमकं इथेच चुकतात आणि प्रत्येक अक्षराला पेश देत सुटतात.

वर्तमानकाळात पहिल्या उपसर्गाला पेश आणि शेवटच्या मूळ अक्षराच्या आधी जबर. ‘यक्तुबु’ (तो लिहितो) याचं ‘युक्तबु’ (लिहिलं जातं), ‘यस्तख़्दिमु’चं ‘युस्तख़्दमु’.

मग वाक्याची मांडणी बदलायची. ‘कतब अल्-वलदु अर्-रिसालत’ म्हणजे मुलाने पत्र लिहिलं. यातला ‘अल्-वलदु’ (मुलगा) पूर्ण काढून टाकायचा. ‘अर्-रिसालत’ (पत्र) रिकाम्या झालेल्या कर्त्याच्या जागी बसवायचं आणि त्याच्या शेवटी कर्त्याची पेश द्यायची: ‘अर्-रिसालतु’. ‘रिसाला’ अरबीत स्त्रीलिंगी, म्हणून क्रियापदालाही स्त्रीलिंगी ‘त्’ लागतो. तयार वाक्य: ‘कुतिबत् अर्-रिसालतु’. कर्त्याच्या जागी आलेल्या या नामाला अरबी व्याकरणात ‘नायब अल्-फाइल’, कर्त्याचा नायब, म्हणतात.

शाळेतला ‘कर्मणि प्रयोग’ इथे डोक्यात आणू नये. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणि, पण त्यात राम हजर आहे. मजहूलमध्ये कर्ता अज्ञात ठेवायचा असतो. मजहूल या शब्दाचा अर्थही अज्ञात असाच. आजच्या अरबी बातम्यांत ‘मिन क़िबल’ (-कडून) जोडून कर्ता सांगितलेला आढळतो, पण जुन्या ग्रंथांत त्याची अपेक्षा धरू नये.

कुठे बदल पानावर दिसतो

ऱ्हस्व स्वर लिहित नाहीत, पण दीर्घ स्वर अलिफ, वाव आणि ‘या’ या तीन अक्षरांनी लिहितात. मुळात दीर्घ स्वर असलेल्या क्रियापदात त्यामुळे मजहूल उघडं पडतं. ‘क़ाल’ (तो म्हणाला) याचं ‘क़ील’ (म्हटलं गेलं) होतं, म्हणजे पानावर क़-अलिफ-ल च्या जागी क़-य-ल दिसतं. वर्तमानकाळात ‘यक़ूलु’चं ‘युक़ालु’ होतं, वावच्या जागी अलिफ येतो. ‘शाहद’ (त्याने पाहिलं) याचं ‘शूहिद’ होतं, तिथे अलिफचा वाव होतो. ‘यजिदु’ (त्याला सापडतं) या रूपात गळालेला वाव ‘यूजदु’मध्ये परत येतो, ‘अमुक ठिकाणी अमुक आहे’ अशा अर्थाने हे रूप रोज भेटतं. हम्झाची बैठकही बदलते: ‘सअल’ (त्याने विचारलं) मध्ये हम्झा अलिफवर बसतो, ‘सुइल’मध्ये ‘या’ अक्षराच्या बैठकीवर.

ही खूण वापरताना त्या क्रियापदाचं साधं रूप माहीत असलंच पाहिजे. वर्तमानकाळात मधे अलिफ दिसला की मजहूल, असा सरसकट नियम केला तर ‘यनामु’ (तो झोपतो) आणि ‘यख़ाफु’ (तो घाबरतो) फसवतात. त्यांच्यात अलिफ मुळातच आहे. तसंच मधे ‘या’ दिसला म्हणून ऐन-य-न हे मजहूल ठरत नाही. ‘अय्यन’ (त्याने नेमलं) आणि ‘उय्यिन’ (नेमला गेला) दोन्ही तसंच लिहितात.

काहीच दिसत नाही तेव्हा

क-त-ब हे ‘कतब’ असू शकतं, ‘कुतिब’ असू शकतं आणि ‘कुतुब’ म्हणजे पुस्तकंही असू शकतं. म्हणून पहिला प्रश्न असा: हा शब्द क्रियापद आहे का? आधी ‘अल्’ किंवा शब्दयोगी अव्यय असेल तर तो नाम आहे, विषय संपला.

क्रियापद असेल तर पुढची नामं मोजायची. लिहिणे, नेमणे, प्रसिद्ध करणे अशा सकर्मक क्रियेला करणारा आणि जिच्यावर क्रिया होते ती वस्तू, असे दोघे लागतात. पुढे एकच नाम असेल आणि ते ती क्रिया करूच शकत नसेल तर मजहूलकडे झुकायचं. क-त-ब पुढे ‘अल्-किताब फी दिमश्क़’ आलं, तर पुस्तक काही लिहीत बसत नाही: ‘पुस्तक दमास्कसमध्ये लिहिलं गेलं’. पण इथे एक अडचण आहे. अरबीत ‘तो’ आणि ‘ती’ क्रियापदातच लपलेले असतात. मागच्या वाक्यात एखाद्या लेखकाचं नाव असेल, तर हेच शब्द ‘त्याने ते पुस्तक दमास्कसमध्ये लिहिलं’ असेही वाचता येतात. म्हणून मागचं वाक्य पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

अंदाजापेक्षा पक्का पुरावा नामाच्या शेपटीत सापडतो. अनिश्चित पुल्लिंगी नाम कर्म असेल तर त्याला अलिफ लागतो, आणि तो छापलेला असतो. न-श-र पुढे ‘तक़रीर’ला (अहवाल) अलिफ लागला असेल तर वाचायचं ‘नशर तक़रीरन’, त्याने अहवाल प्रसिद्ध केला. अलिफ नसेल तर ‘नुशिर तक़रीरुन’, अहवाल प्रसिद्ध झाला. द्विवचनातही तेच दिसतं. ऐन-य-न नंतर ‘वज़ीरैन’ आलं तर ते कर्म आहे, म्हणजे कोणीतरी दोन मंत्री नेमले. ‘वज़ीरान’ आलं तर दोन मंत्री नेमले गेले, किंवा दोन मंत्र्यांनी आणखी कोणाला नेमलं. पुढे तो आणखी कोणी सापडला नाही की मजहूल नक्की. ‘अल्’ लागलेलं एकवचन आणि ‘रिसाला’सारखी स्त्रीलिंगी नामं अशी शेपटी दाखवत नाहीत. तिथे संदर्भावरच भागवावं लागतं.

क्रियापदाला ‘हु’ किंवा ‘हा’ (त्याला, तिला) चिकटलेलं असेल तर बहुधा ते मजहूल नसतं, कारण कर्म तिथेच बसलेलं आहे. दोन कर्मं घेणारी ‘देणे’सारखी क्रियापदं याला अपवाद.

छापील मजकुरात क्रियापदाच्या पहिल्या अक्षरावर एकटी पेश दिली असेल तर ती संपादकाने मुद्दाम, घोटाळा टाळायला दिलेली असते. भूतकाळात तिच्यावर विश्वास ठेवावा. वर्तमानकाळात थांबावं. ‘युर्सिलु’ (तो पाठवतो), ‘युअल्लिमु’ (तो शिकवतो) अशा साधित क्रियापदांत साध्या रूपातच उपसर्गाला पेश असते. तिथे फरक शेवटून दुसऱ्या अक्षरात आहे: ‘युर्सिलु’ म्हणजे पाठवतो, ‘युर्सलु’ म्हणजे पाठवलं जातं.

आणखी एक छपाईचा प्रश्न. चरित्रकोशात ‘वुलिद’ (जन्मला) आणि ‘तुवुफ़्फ़िय’ (निवर्तला) हे दोन मजहूल सतत येतात. इब्न ख़ल्दूनची नोंद अशीच असते: 1332 मध्ये ट्युनिसला ‘वुलिद’, 1406 मध्ये कैरोला ‘तुवुफ़्फ़िय’. शेवटच्या ‘या’ अक्षराखाली दोन नुक्ते असतील तर मजहूल स्पष्ट कळतं. पण इजिप्तच्या छपाईत शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘या’ अक्षराचे नुक्ते बहुधा गाळतात, आणि मग ‘तवफ़्फ़ा’ हे साधं रूप व ‘तुवुफ़्फ़िय’ सारखेच दिसतात. इजिप्तचं पुस्तक हातात असेल तर या खुणेवर भिस्त ठेवू नये.

एक वाक्य सोडवून पाहू

पानावर असं आहे: ‘ऐन-स-र अला मख़्तूता क़दीमा फी मस्जिद, व क़-य-ल इन्नहा क-त-ब-त फी अल्-क़र्न अल्-आशिर, व न-क़-ल-त इला अल्-मत्हफ, व स-त-ऐन-र-ज़ क़रीबन.’

मजकुराचं हे पहिलंच वाक्य आहे, म्हणजे लपलेला ‘तो’ मागून येणं शक्य नाही. ऐन-स-र पुढे थेट ‘अला’ आहे, कर्ता कुठेच नाही, म्हणून ‘उसिर’. ‘मख़्तूता’ (हस्तलिखित) स्त्रीलिंगी असूनही क्रियापदाला ‘त’ लागलेला नाही, कारण ते ‘अला’च्या मागे अडकलं आहे. अशा वेळी क्रियापद पुल्लिंगी एकवचनीच राहतं. क़-य-ल मधला ‘या’ सरळ ‘क़ील’ सांगतो. क-त-ब-त ‘कतबत्’ (तिने लिहिलं) असू शकलं असतं, पण ‘इन्नहा’तली ‘ती’ म्हणजे हस्तलिखितच, आणि पुढे कर्म नाही, म्हणून ‘कुतिबत्’. त्याच न्यायाने न-क़-ल-त हे ‘नुक़िलत्’.

शेवटच्या क्रियापदापाशी ‘क़रीबन’च्या टोकाला अलिफ दिसतो आणि ते कर्म वाटून कोणी ‘सतअ्रिज़ु’ (ती मांडेल) वाचेल. ‘क़रीबन’ हे ‘लवकरच’ अशा अर्थाचं क्रियाविशेषण आहे. वेळ आणि रीत सांगणाऱ्या शब्दांनाही हाच अलिफ लागतो. ते बाजूला काढलं की कर्म उरत नाही, आणि रूप ठरतं ‘सतुअ्रज़ु’.

भाषांतर करताना प्रत्येक ठिकाणी ‘गेलं’ चिकटवायची गरज नाही. ‘उसिर अला’ला मराठीत ‘सापडलं’ पुरतं, ‘क़ील’ला ‘म्हणतात’ पुरतं, आणि बातमीच्या भाषेत ‘-ण्यात आलं’ चपखल बसतं: मशिदीत एक जुनं हस्तलिखित सापडलं. ते दहाव्या शतकात लिहिलेलं आहे असं म्हणतात. ते संग्रहालयात हलवण्यात आलं असून लवकरच प्रदर्शनात मांडण्यात येईल.