परदेशात फी पाठवताना रक्कम कमी पोचू नये म्हणून

बाहेर शिकायला गेलं की तिथलं अकाउंट उघडायला वेळ लागतो, कारण बँक पासपोर्ट, व्हिसा आणि अ‍ॅडमिशनचं पत्र तर मागतेच, पण तिथल्या पत्त्याचा पुरावाही मागते (युनिव्हर्सिटीकडून पत्त्याचं पत्र मिळतं, बऱ्याच बँकांना ते चालतं). म्हणून अकाउंटची वाट न बघता फी घरून थेट युनिव्हर्सिटीला पाठवा, आणि राहण्याखाण्याचे पैसे नंतर पोराच्या तिथल्या अकाउंटला.

फॉर्मवर चार्जेसचा पर्याय येतो तो नीट बघा. तिथे SHA असेल तर मधल्या बँका त्यांचा चार्ज पाठवलेल्या रकमेतूनच कापू शकतात. समजा फी 8000 आहे आणि वाटेत 25 कापले गेले तर तिकडे 7975 जमा होतात, फी अपूर्ण दिसते आणि 25 साठी पोराचं रजिस्ट्रेशन अडकू शकतं. फीसाठी OUR निवडा, चार्ज पाठवणारा भरतो. रेफरन्समध्ये स्टुडंट आयडी टाकाच, नाहीतर पैसे कोणाचे तेच त्यांना कळत नाही.

लिमिट दोन असतात, कायद्याचं वर्षाचं आणि बँकेचं ऑनलाइन रोजचं. घोळ बहुतेक रोजच्या लिमिटमुळे होतो, मग लोक फी दोन तुकड्यात पाठवतात आणि चार्ज दोनदा जातो. त्यापेक्षा शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी लिमिट वाढवून घ्या किंवा ब्रँचमध्ये जाऊन फॉर्म भरा.