करानंतर हातात ठरावीक नफा हवा असेल, तर चपलेचा भाव असा काढा

समजा, कोल्हापुरात चपलांचा भागीदारीतला कारखाना आहे. वर्षाला 3,000 जोड खपतात. चामडं, शिलाई, पॅकिंग मिळून जोडामागे 620 रुपये बदलता खर्च येतो. भाडं, पगार वगैरे स्थिर खर्च वर्षाला 4,00,000. कर भरून 3,44,000 उरायला हवेत.

भागीदारी फर्मला 30 टक्के प्राप्तिकर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के लागतो. चूक हमखास इथेच होते: 3,44,000 मध्ये त्याचेच 31.2 टक्के मिळवले जातात. पण कर बसतो करपूर्व नफ्यावर. करपूर्व नफ्याच्या दर रुपयातले 0.312 करात जाऊन 0.688 उरतात, म्हणून 3,44,000 ला 0.688 ने भागा, 5,00,000 येतात. त्यात स्थिर खर्च मिळवला की 9,00,000. हे 3,000 जोडांतून निघायचे, म्हणजे जोडामागे 300. भाव 920 रुपये, जीएसटी वेगळा. चुकीच्या रीतीने तोच भाव 904 येतो आणि वर्षअखेर सुमारे 33,000 कमी पडतात.

दुकानदाराला विक्रीभावावर 10 टक्के कमिशन असेल, तर 920 वर 10 टक्के चढवून 1,012 धरू नका. 920 ला 0.9 ने भागा, भाव साधारण 1,022 होतो.

हे सगळं 3,000 जोड खपतील या गृहीतावर उभं आहे, आणि माझ्या मते खरी जोखीम तिथेच आहे. कमिशन नसताना 920 भावाने 2,700 जोडच गेले, तर करानंतर 2,82,080 उरतात. भाव वाढवल्यावर किती गिऱ्हाईक टिकेल, ते आधी महाद्वार रोडवरचे भाव पाहून ठरवा.